जहाज अडकले, तर दाद कुठे मागायची?

८ नोव्हेंबर २००० रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, कर्गेलेन बेटांच्या परिसरात, फ्रान्सच्या ‘फ्लोरिआल’ या युद्धनौकेने एक मासेमारी जहाज अडवले. जहाजाचे नाव ‘मोन्ते कॉन्फुर्को’, त्यावर झेंडा सेशेल्सचा. पोटात १५८ टन टूथफिश होते. हा थंड पाण्यातला, पांढऱ्या मांसाचा मासा जगभरच्या महागड्या हॉटेलांत खपतो. तो पकडण्यासाठी लांबच लांब दोरीला हजारो गळ लावून ती खोल समुद्रात सोडतात. कर्गेलेनवर कायमची वस्ती नाही, पण बेटे फ्रान्सची आहेत आणि त्यांच्याभोवतीचा २०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचा पट्टा फ्रान्सचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. तिथले मासे पकडायचा हक्क फ्रान्सचा. परक्या जहाजाने त्या पट्ट्यात शिरताना आपण आलो आहोत हे कळवायचे आणि जहाजावर किती मासळी आहे ते सांगायचे, असा फ्रेंच कायदा. मोन्ते कॉन्फुर्कोने यातले काही केले नव्हते. जहाजाच्या बाजूचे म्हणणे असे की आम्ही त्या पाण्यातून नुसते चाललो होतो, मासे बाहेर पकडलेले आहेत.

अकरा दिवसांनी जहाज रेयुनियाँ बेटाच्या बंदरात आणले गेले. कप्तानावर खटला भरला, मासळी जप्त झाली. मग सँ-पॉल इथल्या न्यायालयाने जहाज सोडण्यासाठी हमीची रक्कम ठरवली: ५ कोटी ६४ लाख फ्रँक. त्यातले १० लाख कप्तानाने खटल्याला हजर राहावे म्हणून, ४ लाख नुकसानभरपाईसाठी आणि उरलेले साडेपाच कोटी संभाव्य दंडासाठी व जहाजाच्या संभाव्य जप्तीपोटी. जहाजाची स्वतःची किंमत या आकड्याच्या जवळपासही नव्हती. एवढे पैसे भरून ते सोडवण्यापेक्षा कुणीही मालक ते तिथेच सोडून गेला असता.

मालकाला फ्रान्सच्या वरच्या न्यायालयात अपील करता आले असते. त्याला वर्ष-दोन वर्षे लागली असती, आणि तोवर बंदरात उभ्या जहाजाला गंज चढत राहिला असता, खलाशांचे पगार थकले असते आणि बंदराचे भाडे वाढत गेले असते. पण २७ नोव्हेंबरला सेशेल्सने जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात अर्ज केला. तिथे आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरण आहे, त्यावर २१ न्यायाधीश बसतात. १८ डिसेंबरला निकाल आला. अर्जापासून मोजले तर अवघे एकवीस दिवस. आंतरराष्ट्रीय न्यायाच्या जगात, जिथे सीमेचा एखादा खटला सहज पाच-सात वर्षे खातो, हा वेग विलक्षण आहे.

न्यायाधिकरणाने ५ कोटी ६४ लाखांची हमी अवाजवी ठरवली आणि १ कोटी ८० लाख फ्रँक पुरेसे आहेत असे सांगितले. पुढचा भाग अधिक बोलका आहे. फ्रान्सने जप्त केलेल्या मासळीची किंमत ९० लाख फ्रँक धरलेली होती, तेव्हा ती रक्कम फ्रान्सच्या हातात आधीच आली आहे, असे न्यायाधीश म्हणाले. म्हणजे मालकाने आता फक्त उरलेल्या ९० लाखांची बँक गॅरंटी द्यायची. जहाजावरचे सगळेच मासे कर्गेलेनच्या पाण्यातून चोरले आहेत, हे स्थानिक न्यायालयाने धरून चाललेले गृहीतकही न्यायाधिकरणापुढच्या माहितीशी पुरते जुळत नव्हते. ते गृहीतक ढिले झाले, की त्यावर उभा असलेला दंडाचा अंदाजही खाली येतो.

जहाज दोषी आहे की नाही, याचा विचार हॅम्बुर्गला झालाच नाही. तो अधिकार त्यांना नाही. मूळ खटला रेयुनियाँतच चालणार, शिक्षा तिथेच होणार. हॅम्बुर्गपुढे प्रश्न एकच: खटला चालू असताना जहाज आणि माणसे अडकवून ठेवायची की वाजवी हमी घेऊन सोडायची, आणि वाजवी म्हणजे किती?

ही सोय ज्या करारातून आली तो संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार. १९८२ च्या डिसेंबरमध्ये जमैकातल्या माँटेगो बे इथे त्यावर सह्या झाल्या आणि १६ नोव्हेंबर १९९४ पासून तो अमलात आला. भारत १९९५ मध्ये त्यात सामील झाला. या करारानेच किनारी देशांना २०० मैलांचा आर्थिक पट्टा दिला. हा फार मोठा बदल होता, कारण जिथे पूर्वी कुणीही जाळे टाकू शकत होते ते पाणी एका फटक्यात कुणाच्या तरी अधिकाराखाली आले. दूरवर मासेमारी करणाऱ्या देशांना साहजिकच भीती वाटली, की किनारी देश आपली जहाजे पकडतील आणि वाटेल तितके दिवस डांबून ठेवतील. मग देवाणघेवाण झाली. किनारी देशाला परकी जहाजे थांबवायचा, तपासायचा, पकडायचा अधिकार मिळाला. त्याच्या बदल्यात ७३व्या कलमात लिहिले गेले की वाजवी हमी मिळताच जहाज आणि खलाशी तातडीने सोडायचे, आणि आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी, दोन देशांचा तसा वेगळा करार नसेल तर, कुणाला कैदेची शिक्षा द्यायची नाही. हे वचन मोडले गेल्याची तक्रार असेल तर २९२वे कलम वापरायचे. अटकेनंतर दहा दिवसांत दोन्ही देशांचे कोणत्या न्यायपीठापुढे जायचे यावर एकमत झाले नाही, तर जहाजाचा ध्वजराष्ट्र असलेला देश सरळ हॅम्बुर्गला जाऊ शकतो. दुसऱ्या देशाची संमती लागत नाही.

इथे ध्वजराष्ट्र हा शब्द कळीचा आहे. अर्ज त्या देशाच्या वतीनेच यावा लागतो. जहाजाचा मालक स्पेनमध्ये, कप्तान तिसऱ्याच देशाचा आणि खलाशी इंडोनेशियाचे असू शकतात, यातल्या कुणालाही हॅम्बुर्गचे दार परस्पर उघडता येत नाही. देशाने मालकाच्या वकिलाला अधिकारपत्र दिले तर तो वकील देशाच्या नावाने उभा राहू शकतो, आणि पुष्कळदा तसेच होते. ‘ग्रँड प्रिन्स’ हे जहाज असेच कर्गेलेनजवळ पकडले गेले होते. बेलीझने त्याच्या वतीने अर्ज केला, पण जहाजाची तात्पुरती नोंदणी संपली होती आणि ते बेलीझचेच आहे हे कागदांवरून पटेना. २००१ च्या एप्रिलमध्ये न्यायाधिकरणाने, फ्रान्सने तो आक्षेप घेतलेला नसतानाही, आपल्याला अधिकारच नाही असे सांगून अर्ज बाजूला ठेवला. स्वस्तातला झेंडा घेऊन फिरणाऱ्या जहाजांसाठी हा चांगलाच धडा होता.

वाजवी म्हणजे काय, याचीही काही गणिते हळूहळू बसत गेली. गुन्हा किती गंभीर, दंड किती होऊ शकतो, जहाजाची आणि मालाची किंमत काय, मागितलेली रक्कम किती आणि कोणत्या स्वरूपात, हे एकत्र पाहायचे. २००२ मध्ये ‘व्होल्गा’ या रशियन जहाजाच्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाने यात एक नवी गोष्ट घालून पाहिली. जहाज, इंधन, साधने यांच्या किमतीपोटी १९ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर तर मागितलेच, शिवाय सोडल्यावर जहाजाने पुन्हा चोरी करू नये म्हणून दहा लाखांची चांगल्या वर्तणुकीची अनामत आणि जहाजावर उपग्रहाने माग ठेवणारे यंत्र बसवण्याची अटही घातली. ऑस्ट्रेलियाची तळमळ समजण्यासारखी आहे. दक्षिण महासागरात टूथफिशची चोरी बेसुमार चालली होती आणि तेच तेच मालक नवी नावे घेऊन परत येत होते. न्यायाधिकरणाने ही तळमळ निकालात नोंदवली, पण अनामत आणि अट दोन्ही काढून टाकल्या. हमी म्हणजे या खटल्यापुरती पैशांची हमी, पुढच्या वागणुकीचा बंदोबस्त नव्हे, असा त्याचा अर्थ. किनारी देशांना हा निकाल अजूनही खुपतो, आणि माशांचे साठे कसे संपत आले आहेत हे पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही.

आणखी एक अडचण वेळेची आहे. २००७ मध्ये रशियाने पकडलेल्या दोन जपानी मासेमारी जहाजांची प्रकरणे हॅम्बुर्गला गेली. त्यांतल्या ‘होशिनमारू’साठी रशियाने सव्वादोन कोटींच्या आसपास रूबल मागितले होते, हॅम्बुर्गने ते एक कोटीवर आणले आणि जहाज सुटले. ‘तोमिमारू’ मात्र रशियन न्यायालयांनी आधीच सरकारजमा केले होते. हॅम्बुर्गची सुनावणी झाल्यावर आणि निकाल यायच्या आत रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे शेवटचे अपील फेटाळले. जहाज आता रशियाचेच झाले, मग सोडायचे कुणाला? अर्ज निरर्थक ठरला. जपानला उशीर झाला होता.

हे सगळे वाचताना पालघर आणि डहाणूकडच्या खलाशांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिकडचे कितीतरी तरुण ओखा, पोरबंदर, मांगरोळच्या बोटींवर हंगामभर कामाला जातात. बोट कच्छच्या तोंडाशी, सर खाडीच्या समोरच्या पाण्यात गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती भोगून झाल्यावरही नागरिकत्वाची खातरजमा होईपर्यंत आणि दोन सरकारांचे सूत जुळेपर्यंत माणूस आतच राहतो. भारतही पाकिस्तानी मच्छीमारांना असेच पकडतो. दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात-घेतात, त्यांत मच्छीमारांची यादी वेगळी असते.

भारत आणि पाकिस्तान दोघेही या कराराचे सदस्य आहेत. मग ७३वे कलम कुठे जाते? पहिली अडचण अशी, की ते कलम फक्त आर्थिक क्षेत्रासाठी आहे. किनाऱ्यापासून १२ मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात देशाची पूर्ण सत्ता असते आणि तिथे तुरुंगवासाला या कराराची आडकाठी नाही. दुसरी अडचण म्हणजे सर खाडीचा वाद मिटलेला नसल्याने समुद्रातली सीमारेषाच आखलेली नाही. बोट नेमकी कुणाच्या आणि कोणत्या पट्ट्यात होती यावरच दोघांचे एकमत होत नाही. आणि तिसरी सगळ्यात साधी: अर्ज सरकारने करावा लागतो, आणि आजवर या दोघांपैकी कुणीही दुसऱ्याविरुद्ध तसा अर्ज केलेला नाही. सीमेचा वाद बाजूला ठेवूनही, किनाऱ्यापासून दूर पकडलेल्या निदान काही बोटींसाठी हा मार्ग तपासून पाहायला हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. खलाशी महिन्या-दोन महिन्यांत परत येतो की दोन वर्षांनी, यावर किनाऱ्यावरच्या त्याच्या घराचे सगळे अवलंबून असते. आणि बोट तर बहुधा परत येतच नाही.

तातडीच्या सुटकेचा हा रस्ता वेगवान असला तरी अरुंद आहे. मासेमारीसाठी आणि प्रदूषणाच्या काही प्रकारांसाठी अटक झाली असेल, तरच तो खुला. अटकेचे कारण वेगळे असेल तर कराराच्या मोठ्या दाराने जावे लागते, आणि त्या दारावर पहारेकरी आहेत.

मोठे दार असे आहे. कराराच्या पंधराव्या भागात लिहिले आहे की कराराच्या अर्थाबद्दल वाद झाला आणि बोलणी फिसकटली, तर एक देश दुसऱ्याला न्यायपीठापुढे ओढू शकतो. ही सक्ती आहे. करारात सामील होतानाच प्रत्येक देश तिला मान्यता देऊन बसलेला असतो. हॅम्बुर्गचे न्यायाधिकरण, हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि दोन प्रकारचे लवाद यांतून देशांनी आपली पसंती आधी कळवायची. पसंती जुळली नाही, किंवा कळवलीच नाही, तर पाच सदस्यांचा लवाद बसतो. एका देशाने लवाद नेमायला नकार दिला तर त्याच्या वाट्याची नेमणूक हॅम्बुर्गचे अध्यक्ष करतात. म्हणजे न येऊनही खटला टळत नाही.

इतकी सक्ती सगळ्यांना पचणारी नव्हती, म्हणून २९८वे कलम आले. देशाने लेखी कळवून तीन प्रकारचे वाद या सक्तीतून वगळावेत, अशी मुभा त्यात आहे: सागरी सीमा आखण्याचे आणि ऐतिहासिक हक्कांचे वाद, लष्करी हालचाली आणि काही ठरावीक कायदा-अंमलबजावणी, आणि सुरक्षा परिषद ज्यात लक्ष घालत आहे ते विषय. रशियाने १९९७ मध्ये करार स्वीकारताना ही मुभा घेतली. ती घेतल्यावरही २००७ मध्ये जपानी जहाजांसाठी रशिया हॅम्बुर्गला हजर राहिला होता. सहा वर्षांनंतर मात्र त्याने या मुभेचा अर्थ वेगळा लावला.

१८ सप्टेंबर २०१३ रोजी पेचोरा समुद्रात, गॅझप्रॉम कंपनीच्या ‘प्रिराझ्लोम्नाया’ या तेलाच्या फलाटाजवळ ग्रीनपीसचे ‘आर्क्टिक सनराइज’ जहाज आले. आर्क्टिकमध्ये तेल काढण्याला विरोध म्हणून कार्यकर्ते रबरी होड्यांतून फलाटापाशी गेले आणि दोघे दोरखंडाने वर चढू लागले. त्यांना पकडण्यात आले. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून सशस्त्र रशियन जवान दोरांनी जहाजाच्या डेकवर उतरले. जहाज ओढत मुर्मान्स्क बंदरात नेले. कार्यकर्ते, खलाशी आणि दोन पत्रकार मिळून तीस जण कोठडीत गेले. आधी आरोप लावला समुद्री चाचेगिरीचा, नंतर तो बदलून गुंडगिरीचा झाला.

जहाजावर नेदरलँड्सचा झेंडा होता. इथे मासे नव्हते, तेलगळती नव्हती, त्यामुळे २९२व्या कलमाचा रस्ता बंद होता. नेदरलँड्सने ४ ऑक्टोबरला लवादाची नोटीस दिली. लवाद बसायला महिने लागतात. पण तोवर काही बिघडू नये म्हणून हंगामी आदेश मागायची सोय २९०व्या कलमात आहे, आणि लवाद बसेपर्यंतचा तो अधिकार, दोन आठवडे वाट पाहिल्यावर, हॅम्बुर्गकडे येतो. दोन आठवडे भरले आणि २१ ऑक्टोबरला नेदरलँड्सने हॅम्बुर्गला अर्ज केला. रशियाने लगेच पत्राने कळवले: आमच्या आर्थिक क्षेत्रातली कायद्याची अंमलबजावणी आम्ही १९९७ मध्येच वगळली आहे, आम्ही येणार नाही.

सुनावणीत रशियाची खुर्ची रिकामी राहिली. तरी न्यायाधीशांनी त्याच्या पत्रातला मुद्दा तपासला, कारण आपल्याला अधिकार आहे की नाही हे न्यायपीठानेच ठरवायचे असते. मग २९८वे कलम बारकाईने वाचले गेले. अंमलबजावणीसाठी दिलेली सूट मोघम नाही. ती फक्त दोन बाबींपुरती आहे: सागरी वैज्ञानिक संशोधन आणि मासेमारी. तेलाच्या फलाटाभोवतीची कारवाई यांत बसत नाही. रशियाच्या घोषणेतले शब्द याहून व्यापक होते, पण करार जितकी सूट देतो तिच्यापलीकडे देशाला स्वतःच्या लेखणीने जाता येत नाही. २२ नोव्हेंबरला १९ विरुद्ध २ मतांनी आदेश निघाला: ३६ लाख युरोंची बँक गॅरंटी घ्या, जहाज आणि माणसे सोडा.

आदेश निघाल्याबरोबर जहाज सुटले, असे झाले नाही. रशियाने तो मानल्याचे कधी सांगितले नाही. डिसेंबरमध्ये रशियन संसदेने सार्वत्रिक माफी जाहीर केली, तिच्यात या तिसांचे खटले मिटले आणि माणसे घरी गेली. जहाजावरची जप्ती उठायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला, ऑगस्टमध्ये ते अॅमस्टरडॅमला पोहोचले. लवादाने १४ ऑगस्ट २०१५ रोजी अंतिम निवाड्यात सांगितले की फलाटाभोवतीचा सुरक्षापट्टा जास्तीत जास्त ५०० मीटरचा असू शकतो. जहाजावर जवान उतरले तेव्हा ते त्या पट्ट्याबाहेर होते आणि पाठलागही मध्ये तुटलेला होता, त्यामुळे ध्वजराष्ट्राला न विचारता चढण्याचा अधिकार रशियाला नव्हता. २०१७ मध्ये सुमारे ५४ लाख युरोंची भरपाई ठरली. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी तडजोड केली आणि प्रकरण २७ लाख युरोंवर मिटले. जो देश न्यायपीठापुढे उभाही राहिला नव्हता, त्याने अखेर पैसे दिले, ही गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही.

सूट घेतली की सुटलो, असे देशांना वाटते, पण न्यायपीठे सुटीची हद्द काटेकोर मोजतात. चीनने २००६ मध्ये या कलमाखालच्या सगळ्या सवलती घेतल्या. तरीही फिलिपिन्सने २०१३ मध्ये दक्षिण चीन समुद्राचा खटला असा बांधला, की त्यात सीमा आखा अशी मागणीच नव्हती. चीनच्या तुटक रेषेला कराराचा आधार आहे का आणि कोणता खडक बेट ठरतो, एवढेच विचारले. २०१६ च्या जुलैमध्ये निवाडा चीनच्या विरोधात गेला. चीनने तो धुडकावला, ही त्या व्यवस्थेची मर्यादा.

भारताचा अनुभव वेगळा आहे. भारताने सीमावादाची सूट घेतलेली नव्हती. त्यामुळे बांगलादेशने २००९ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या सीमेसाठी लवाद मागितला, तेव्हा नाही म्हणायला भारताकडे जागाच उरली नाही. ७ जुलै २०१४ रोजी निवाडा आला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर बांगलादेशाला गेले. भारताने निवाडा मानला. चाळीस वर्षे लोंबकळलेली रेषा आखली गेली आणि दोन्ही बाजूंच्या मच्छीमारांना व तेल शोधणाऱ्यांना आपले पाणी कुठवर हे कळले. सूट न घेणे हा तोटाच होता, असे म्हणणाऱ्यांनी सर खाडीच्या समोरच्या न आखलेल्या पाण्याकडे एकदा पाहावे.

यात जहाजावरच्या माणसाचे काय होते, ते २०२२ मध्ये ‘हिरोइक इडुन’ या प्रचंड तेलवाहू जहाजाने दाखवले. झेंडा मार्शल बेटांचा, २६ खलाशी, त्यांत १६ भारतीय. ऑगस्टमध्ये ते नायजेरियाच्या समुद्रातल्या तेलतळावर कच्चे तेल भरायला आले होते. रात्री एक अनोळखी बोट जवळ आली, कप्तानाने चाचे समजून जहाज पळवले. ती नायजेरियाच्या नौदलाची बोट होती. पुढे इक्वेटोरियल गिनीच्या नौदलाने जहाज पकडले. त्या देशाने मागितलेला दंड भरला गेला, तरी जहाज सुटेना, आणि खलाशांना नायजेरियाच्या हवाली करणार अशी बातमी पसरली. जहाजावरून घरी पाठवलेले मोबाइलचे व्हिडिओ तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांवर दिसत होते.

नोव्हेंबरमध्ये मार्शल बेटांनी २९२व्या कलमाखाली हॅम्बुर्गला अर्ज केला, इक्वेटोरियल गिनीविरुद्ध. त्याच सुमारास जहाज आणि माणसे नायजेरियाला सोपवली गेली. अर्ज ज्या देशाविरुद्ध होता त्याच्या ताब्यात आता जहाजच नव्हते. सुनावणी होण्याआधीच मार्शल बेटांनी अर्ज मागे घेतला. पुढे नायजेरियात खटला चालला, तडजोड झाली आणि जहाज खलाशांसह मे २०२३ अखेरीस सुटले. अटकेपासून नऊ महिने लोटले होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्शल बेटे आणि इक्वेटोरियल गिनी यांनी आपसांत करार करून मूळ वाद हॅम्बुर्गच्या विशेष खंडपीठाकडे सोपवला. जहाज पकडणे, अडकवणे आणि परक्या देशाच्या हाती देणे कायद्याला धरून होते का, आणि नसेल तर भरपाई किती, हे प्रश्न त्या खंडपीठापुढे गेले. तातडीच्या सुटकेच्या अर्जात हे प्रश्न विचारताच येत नाहीत. तिथे फक्त हमीचा आकडा ठरतो, आणि तोही जहाज त्याच देशाच्या बंदरात उभे असेल तर.